उसना आणायचा तर कशासाठी आणायचा?

"मी 36 वर्षांची आहे, नागपुरात नोकरी करते. घरी नवरा, दोन मुलं, सासू-सासरे. गेल्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन 9.6 आलं. ऑफिसातली गोंदियाची मैत्रीण म्हणाली, पांढरा तांदूळ सोड आणि उसना खा, त्यात लोह आणि जीवनसत्त्वं भरपूर असतात. मी इतवारीतून 25 किलोचं पोतंच आणलं. सासूबाई नाराज आहेत. त्या भंडाऱ्याकडच्या, चिन्नोरशिवाय त्यांना भात गोड लागत नाही. त्या म्हणतात, 'एकदा उकडलेला तांदूळ पुन्हा शिजवला तर त्यात काय उरतं? आमच्याकडे हा तांदूळ मजुरांना द्यायचे.' मला वाद घालायचा नाही, पण घरच्यांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. कोणाचं बरोबर?"
— नागपूरची एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

पोत्याचं नंतर बघू. आधी तुमच्या 9.6 बद्दल. हा आकडा भाताने वर येणार नाही, मग तो भात कुठल्याही तांदळाचा असो. त्यासाठी डॉक्टरांकडे जा, रक्त नेमकं कशामुळे कमी आहे ते बघून घ्या आणि गोळ्या दिल्या तर त्या पूर्ण मुदत घ्या. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही संकोच न करता सांगा. तुमच्या पत्रात तपासणीचा आकडा आहे, तांदळाच्या पोत्याचं वजन आहे, पण डॉक्टर कुठेच नाहीत, म्हणून हे सगळ्यात आधी लिहिलं.

आता तांदूळ. तुमची मैत्रीण जीवनसत्त्वांबद्दल बरोबर बोलली आणि लोहाबद्दल चुकली. सासूबाईंची शंका रास्त आहे, कारण शिजवल्याने सत्त्व जातं हे खरंच आहे. फक्त उसन्याच्या बाबतीत ते उकडणं कधी होतं, हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही. सगळा फरक त्या 'कधी'मध्येच आहे.

आपल्याला वाटतं की तांदूळ उकडतात. उकडतात ते धान. फोल अंगावर असताना, कांडण्याआधी. आपण कच्च्या भुईमुगाच्या शेंगा मीठ घालून उकडतो ना, तेव्हा मीठ शेंगेच्या आत कोण घालतं? कोणीच नाही. पाणी टरफलातून आत शिरतं आणि विरघळलेलं मीठ सोबत घेऊन दाण्यापर्यंत पोचतं. सोलल्यावर टरफल फेकून दिलं तरी दाणा खारटच लागतो. धानाच्या बाबतीत हेच होतं, फक्त मीठ आपण बाहेरून घालत नाही, ते धानातच असतं. फोलाच्या आत, तांदळाच्या पांढऱ्या गाभ्यावर कोंड्याचे पातळ थर असतात आणि एका टोकाला इवलासा अंकुर. दाण्यातलं ब-1, म्हणजे थायमिन, जवळजवळ सगळं या कडेच्या भागातच साठलेलं असतं. त्यातही अंकुराला चिकटून एक पापुद्रा असतो. दाण्याच्या वजनात त्याचा वाटा शेकड्याला दोनही नाही, पण थायमिनचा जवळपास निम्मा साठा त्या एवढ्याशा तुकड्यात असतो.

कच्चं धान गिरणीत गेलं की आधी फोल निघतं, मग पॉलिशमध्ये कोंडा घासला जातो आणि अंकुर तर टुपकन गळून पडतो. तुमचा चिन्नोर पांढराशुभ्र दिसतो तो यामुळेच. त्याचं थायमिन कोंड्यासोबत ढेपेत किंवा तेलाच्या कारखान्यात गेलेलं असतं. म्हशीला मिळतं, आपल्याला नाही.

उसन्याचं धान पॉलिशला जाण्याआधी तीन गोष्टींतून जातं. पहिली भिजवण. थायमिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे कोंड्यातून गाभ्याकडे सरकणाऱ्या पाण्यासोबत तेही आत सरकतं. दुसरी वाफ. वाफेने गाभ्यातला स्टार्च फुगतो, चिकट होतो, त्याची सलग खळ बनते आणि आत आलेलं थायमिन त्या खळीत अडकून बसतं. शिवाय अंकुराचा तो पापुद्राही दाण्याला चिकटतो, सहजासहजी गळत नाही. तिसरी गोष्ट वाळवण. खळ वाळून काचेसारखी टणक होते. आता हे धान कांडा, पॉलिश करा, कोंडा निघेल, पण माल आधीच घरात आलेला असतो. म्हणून सासूबाईंना एवढंच सांगता येईल की पहिलं उकडणं सत्त्व काढायला नसतं, कोंडा जाण्याआधी ते आत ढकलायला असतं.

वाफेत थोडं थायमिन नष्ट होतंच, भिजवणीच्या पाण्यातही थोडं जातं. हातसडीच्या, कोंड्यासकट तांदळाशी तुलना केली तर उसना थोडा मागेच राहतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले, त्यांत 100 ग्रॅम कोरड्या तांदळामागे थायमिन साधारण असं आहे: कोंड्यासकट तांदळात 0.27 मिलिग्रॅम, पॉलिश केलेल्या उसन्यात 0.17 आणि पॉलिश केलेल्या कच्च्या तांदळात 0.05. म्हणजे दोन्ही पॉलिश केलेले, दिसायला थोडेच वेगळे, तरी उसन्यात तिपटीहून जास्त. नायसिन, म्हणजे ब-3, उसन्यात अडीच मिलिग्रॅमच्या आसपास आणि कच्च्यात पावणेदोनच्या आतच. ब-2 मात्र दोन्हींत सारखंच कमी.

आता लोह. त्याच तक्त्यांत उसन्यात 0.72 आणि कच्च्या पॉलिश तांदळात 0.65 मिलिग्रॅम. तुम्ही दिवसाला दोन वेळचा मिळून 200 ग्रॅम तांदूळ खाता असं धरू. पांढरा सोडून उसना घेतल्याने तुम्हाला दिवसाला जास्तीचं लोह मिळेल 0.14 मिलिग्रॅम. तुमच्या वयाच्या बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लागतं, असं आपल्याकडचं प्रमाण सांगतं. उरलेला हिशेब तुम्हीच करा. जस्ताच्या बाबतीत तर उसना पुढे नाहीच, किंचित मागेच आहे.

हा भेद का? कारण सगळे घटक पाण्यात सारखे विरघळत नाहीत. थायमिन सुटं असतं, पाण्यासोबत चालायला लागतं. लोह आणि जस्त कोंड्यात फायटेट नावाच्या संयुगाला घट्ट धरून बसलेले असतात. धान भिजलं काय, वाफवलं काय, ते बहुतेक जागेवरच राहतात आणि पॉलिशला कोंड्यासोबत निघून जातात. म्हणून कोणी 'उसन्यात जीवनसत्त्वं आणि खनिजं टिकतात' असं एका दमात म्हणालं, तर पहिल्या शब्दाला मान डोलवा आणि दुसऱ्याला थांबवून विचारा, नेमकी कुठली खनिजं?

हे नुसतं तक्त्यातलं गणित नाही. थायमिन हे नावसुद्धा कोणाला माहीत नव्हतं तेव्हा उसन्या तांदळाने माणसं वाचवल्याची नोंद आहे. 1905 साली क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात बेरीबेरी पसरली होती. पाय बधिर होतात, सुजतात, शेवटी हृदय थकतं, असा हा आजार. त्या भागात एक गोष्ट सगळ्यांना दिसत होती: सयामचा पांढरा तांदूळ खाणारे चिनी मजूर आजारी पडायचे, आणि हिंदुस्थानातून येणारा उसना खाणारे तमिळ मजूर सहसा पडायचे नाहीत. तिथले डॉक्टर विल्यम फ्लेचर यांनी रुग्णांना रांगेत उभं करून एकाआड एक दोन गट केले. एका गटाला सयामचा तांदूळ, दुसऱ्याला हिंदुस्थानी उसना, बाकी जेवण सारखंच. वर्षअखेर सयामी तांदळाच्या 120 जणांपैकी 30 हून जास्त लोकांना बेरीबेरी झाली आणि 18 दगावले. उसन्याच्या 123 जणांत दोनच रुग्ण, ते दोघंही येतानाच आजारी होते, आणि मृत्यू एकही नाही. जागेचा दोष असेल अशी शंका नको म्हणून मध्येच दोन्ही गटांच्या इमारतींची अदलाबदलही केली होती. आजार इमारतीमागे गेला नाही, तांदळामागे गेला.

आपल्याच देशात आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर, जिथे कच्चा गिरणीचा तांदूळ खायची पद्धत होती, तिथे बेरीबेरी होती. मद्रास प्रांताच्या बाकी बऱ्याच भागात उसना खायचे, तिथे ती फारशी नव्हती. म्हणजे 'मजुरांना द्यायचे' हे सासूबाईंचं वाक्य मला फार आवडलं. तो तांदूळ द्यायचे तो स्वस्त म्हणून, पोटाला धरून राहतो म्हणून. पण दोन्ही वेळ भातच खाणाऱ्या आणि वर नावापुरतं वरण मिळणाऱ्या माणसाला पाटलाच्या ताटातल्या पांढऱ्या भातापेक्षा तो बरा होता. हे त्यांना ऐकवू मात्र नका. चिन्नोरच्या अभिमानाला लागेल आणि तुमची वाटाघाट तिथेच संपेल.

आता तुमच्या घराकडे येऊ. तुमच्याकडे पोळी होत असेल, वरण होत असेल, भाजी असेल. तूरडाळीत आणि कणकेत थायमिन चांगलं असतं, पॉलिशच्या तांदळाच्या कितीतरी पट. म्हणून चिन्नोर खाल्ल्याने घरात कोणाला बेरीबेरी होईल अशी भीती मनात असेल तर काढून टाका. उसन्याचा फायदा सगळ्यात जास्त कोणाला, तर ज्यांच्या ताटात भातच मुख्य आहे त्यांना. तुमच्या घरी असं कोण आहे? माझा अंदाज सांगू, सासूबाईच. भंडाऱ्याकडच्या बायका पोळी करून सगळ्यांना वाढतात आणि स्वतः दोन्ही वेळ भातावर बसतात. मुलांपैकी कोणी पोळीला नाक मुरडून नुसता दूधभात खात असेल तर तोही. या दोघांकडे लक्ष द्या, तुमच्या स्वतःच्या ताटापेक्षा जास्त.

आणि तांदूळ बदलण्याआधी तो धुण्याची पद्धत बघा. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण या गोष्टीवर कोणी भांडत नाही आणि फरक मात्र मोठा पडतो. कच्च्या तांदळावर जे थोडं थायमिन उरलेलं असतं, ते पॉलिशनंतर राहिलेल्या कोंड्याच्या भुरकट थरात असतं, म्हणजे अगदी वर. आपण पाणी नितळ होईपर्यंत तीन-चारदा चोळून धुतो तेव्हा तो थर आणि त्यातलं थायमिन मोरीत जातं. कधी कधी निम्म्याच्या घरात. उसन्यात थायमिन आत, वाळून घट्ट झालेल्या खळीत असतं, म्हणून धुण्यात त्याचं नुकसान फार कमी, साधारण दहावा हिस्सा धरा. त्यातून कोणी जास्त पाण्यात भात शिजवून पेज काढून टाकत असेल तर आणखी जातं. सासऱ्यांना शुगर असेल आणि 'पेज काढलेला भात चालतो' असं कोणी सांगितलं असेल, तर तसं तुमच्याकडे होतं का ते बघा.

तुमचाच दिवसाचा हिशेब मांडू. 200 ग्रॅम चिन्नोरमध्ये थायमिन 0.10 मिलिग्रॅम. खसखसून धुतला तर उरलं 0.05. 200 ग्रॅम उसन्यात 0.34, धुऊन उरलं 0.30. शिजवताना दोन्हींतून आणखी थोडं जातं, ते सोडून देऊ. बैठं काम करणाऱ्या बाईची दिवसाची गरज 1.4 मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे उसना तुमच्या गरजेचा पाचवा हिस्सा उचलतो आणि चिन्नोर जवळजवळ काहीच नाही. उसना हा काही टॉनिक नाही, पण ताटात रोज असणाऱ्या वस्तूने एवढा भार उचलणं वाईट नाही. आणि ज्या दिवशी चिन्नोर शिजेल त्या दिवशी तो एकदाच, हलक्या हाताने धुवा, तेवढंच पाणी घाला जेवढं मुरेल.

आता तुम्ही आणलेलं पोतं कसं आहे, ते तपासायला हवं, कारण उसना म्हणून मिळणारा सगळा माल सारखा नसतो. मूठभर दाणे काळ्या ताटलीत घेऊन खिडकीत जा. चांगला उसना मधासारखा फिकट पिवळा, काचेसारखा आरपार दिसतो. दाण्याच्या पोटात पांढरा खडूसारखा ठिपका दिसत असेल तर धान पुरतं भिजलं नाही किंवा वाफ गाभ्यापर्यंत पोचली नाही. असे दाणे थोडे असतील तर चालायचंच, पण निम्मे तसे असतील तर तो अर्धा उसना, अर्धा कच्चा आहे. उलट दाणे गडद तपकिरी असतील तर वाफ जास्त झाली. रंग गडद म्हणजे सत्त्व जास्त, असं दुकानदार सांगतात, ते उलटं आहे. जास्त उष्णतेत थायमिन जास्त मरतं.

मग वास घ्या. आंबूस, कुबट वास आला तर धान थंड पाण्यात दोन-तीन दिवस पडून आंबलं आहे. जुन्या पद्धतीत असंच व्हायचं आणि उसन्याला घरातून हाकलण्याचं निम्मं कारण हा वासच होता. म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेने यावर उपाय काढला तो साधा होता: धान 65 ते 70 अंश गरम पाण्यात तीन-चार तास भिजवायचं. गरम पाणी लवकर मुरतं, आंबायला वेळच मिळत नाही. पण पाणी त्याहून खूप गरम केलं की भिजवतानाच फोल उकलतं, दाणा बाहेर फुगतो आणि आतलं पाण्यात झिरपतं, म्हणून ती मर्यादा. मी भंडारा रोडवरच्या एका मिलमध्ये हे बघायला गेले होते. वाफेच्या टाकीखालून धान सुटतं तेव्हा शेतातल्या ओल्या तणसासारखा, थोडा गोडूस वास येतो. तिथला मिस्त्री मीटर न बघता मुठीत धान घेऊन फोल उकललंय का बघायचा आणि वाफ बंद करायचा. त्याने सांगितलं, खरी अडचण वाळवण्यात. ओलं धान एका दमात कडक उन्हात किंवा गरम हवेत वाळवलं तर दाण्याला तडे जातात आणि पॉलिशला कणी होते. अर्धं वाळवायचं, काही तास ढीग घालून विसावू द्यायचं, मग पुन्हा वाळवून ओल चौदा टक्क्यांवर आणायची. अर्धवट वाळलेला माल पोत्यात बुरशी धरतो. तुमच्या पोत्यात हात खुपसून बघा, आत गारवा किंवा गुठळी लागली, बुरशीचा वास आला, तर ते पोतं परत करा. त्यावर उन्हाचा उपाय करत बसू नका.

पोत्यावर काय लिहिलं आहे तेही वाचा. बाजारात तीन नावं फिरतात: उसना, सेला आणि स्टीम. सेला म्हणजे उसन्याचाच प्रकार, बहुधा बासमती जातीचा. 'स्टीम' हा वेगळा. त्यात धान फारसं न भिजवता थोडी वाफ देतात, दाणा तुटू नये आणि भात मोकळा व्हावा म्हणून. भिजवण नाही, तर थायमिनला आत नेणार कोण? त्याला चवीसाठी घ्या, जीवनसत्त्वासाठी नको. आणि तुमची मैत्रीण कोकणातली असती तर तिने उकडा तांदूळ म्हटला असता. तो बहुतेक अर्धवट पॉलिशचा, लालसर असतो, त्यात कोंडाही राहतो. तो इथल्या पूर्ण पॉलिशच्या उसन्यापेक्षा सरस असतो. म्हणजे उसना घेतला तरी पॉलिश किती केलाय हा प्रश्न उरतोच.

सासऱ्यांच्या शुगरबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण हे पत्र वाचणारे पुष्कळ जण विचारतील. चांगला उसना पांढऱ्या भातापेक्षा साखर थोडी सावकाश वाढवतो. पण तो भातच आहे, ताटात मोजूनच वाढायचा.

वाद कसा टाळायचा? तुम्ही पत्रात 'कोणाचं बरोबर' असं विचारलंय. त्या प्रश्नाला उत्तर दिलं तर एक जण हरेल आणि रोज दोन वेळ त्याच ताटावर बसायचं आहे. मी तुमच्या जागी असते तर पोतं घरात आहे याचा गाजावाजा केला नसता. दुपारचा, डब्याचा भात उसन्याचा, रात्रीचा सासूबाईंच्या हातचा चिन्नोर. डब्यात उसना खरंच बरा, दुपारपर्यंत मोकळा राहतो, चिकट गोळा होत नाही. गोळाभात आणि वडाभात तर उसन्याचा करूनच बघा. त्यात दाणा सुटा हवा असतो, आणि सासूबाईंना गोळाभात आवडत असेल तर पहिला घास त्यांना त्यांच्या नावाने वाढा. दूधभात, गुरगुट्या भात, मऊ खिचडी यांना मात्र कच्चाच तांदूळ ठेवा. उसना हट्टाने मऊ होत नाही, आणि आजारी माणसापुढे किंवा लहान मुलापुढे टणक भात ठेवलात तर त्याच दिवशी तुमचं पोतं हरलं म्हणून समजा.

दोन्ही तांदूळ एकत्र कुकरला लावायचा मोह होईल, लावू नका. कच्चा शिजून फुटेल तोवर उसना टचटचीत राहील. उसना आधी अर्धा-पाऊण तास भिजवा, वाटीला अडीच ते तीन वाट्या पाणी आणि दोन शिट्या जास्त. भिजवलेलं पाणी फेकू नका, त्याच पाण्यात शिजवा. पहिल्या दिवशी पाणी कमी पडेल, दुसऱ्या दिवशी जास्त होईल, तिसऱ्या दिवशी तुमच्या कुकरला जमेल.

लोहासाठी डॉक्टरांच्या गोळ्यांसोबत ताटात काय बदलता येईल ते सांगते. जेवणात लिंबू पिळा, आवळ्याचं लोणचं घ्या, जेवणाआधी-नंतर तासभर चहा नको. चहा लोह अडवतो आणि आंबट रस ते शोषायला मदत करतो. इतकं केलंत तरी तांदूळ बदलून मिळणाऱ्या 0.14 मिलिग्रॅमपेक्षा जास्त पदरात पडेल. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासा. आकडा वर आला तर श्रेय गोळ्यांना द्या, उसन्याला नको, नाहीतर पुढच्या वेळी गोळ्या बंद करून अजून एक पोतं आणाल.

आणि सणावारी नैवेद्याला, अक्षतांना कच्चाच तांदूळ लागतो, उसना चालत नाही. त्यासाठी पाच किलो चिन्नोर वेगळ्या डब्यात भरा आणि त्या डब्याची किल्ली, म्हणजे कुठला तांदूळ कधी काढायचा तो निर्णय, सासूबाईंकडे राहू द्या.